डोळा लागताच पाय घसरतो

प्रिय ताई,
गेला दीड महिना रोज एकच. डोळा लागतो न लागतो तोच माहेरच्या विहिरीच्या पायऱ्यांवरून माझा पाय सटकतो आणि अंगाला असा हिसका बसतो की शेजारी झोपलेले आमचे हेही दचकून उठतात. छाती धडधडते, मग तासभर झोप नाही. मी पतसंस्थेत आहे, मार्चअखेरचं काम घरी आणते. साडेनऊला चहा घेऊन बसते, झोपायला साडेबारा होतात, पाचला डब्यासाठी उठते. नव्या घराचे हप्तेही याच महिन्यात सुरू झालेत. सासूबाई म्हणतात, पडल्याचं स्वप्न म्हणजे घरावर संकट. आता अंथरुणाचीच भीती वाटते. याचा अर्थ काय?
— एक वाचक, सांगली

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातली विहीर मी जरा बाजूला ठेवते, कारण मला महत्त्वाची वाटली ती वेळ. गोष्टीसारखी रंगत जाणारी स्वप्नं बहुतेक करून झोपेच्या ज्या टप्प्यात पडतात, तो टप्पा झोप लागल्यावर साधारण दीड तासाने पहिल्यांदा येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. त्या टप्प्यात मेंदूने हातापायांचे स्नायू जवळजवळ बंद करून ठेवलेले असतात, म्हणून स्वप्नात कितीही पळालो तरी पाय पांघरुणात गप्प राहतात. तुमचा हिसका मात्र पहिल्या काही मिनिटांतला आहे. जाग पुरती गेलेली नाही आणि झोप पुरती आलेली नाही, अशा उंबरठ्यावरचा. डॉक्टर त्याला ‘हिप्निक जर्क’ म्हणतात. दहांतल्या सहा-सात जणांना तो कधी ना कधी येतो, असं सांगितलं जातं. बरेच जण सकाळी विसरूनही जातात.

झोप लागताना काय होतं ते सांगते. गिरणीत पाळी बदलते ना, तसंच. जागं ठेवणारी यंत्रणा काम सोडत असते, झोपवणारी ते हातात घेत असते, आणि हे एका क्षणात होत नाही. स्नायू सैल पडत जातात, श्वास मंदावतो, पण जागेपणाचे काही तुकडे अजून चालूच असतात. या गडबडीत मेंदूच्या तळाकडच्या भागातून स्नायूंना एकदम आज्ञा सुटते आणि अंग झटकन आखडतं. ती नेमकी का सुटते याचे अंदाज बरेच आहेत, त्यावर एकमत झालेलं नाही. माकडासारखे आपले पूर्वज झाडावर झोपायचे, पडू नये म्हणून ही सवय राहिली, असंही काही जण सांगतात. ऐकायला छान आहे, पुरावा काही नाही.

आता विहिरीकडे येते. आपल्याला वाटतं, आधी पाय घसरला आणि म्हणून अंग दचकलं. क्रम बहुधा उलटा असतो. हिसका आधी बसतो, किंवा अंग एकदम सैल पडल्याची जाणीव आधी होते, आणि अर्धवट झोपेतला मेंदू तिला साजेसं कारण घाईघाईने जुळवतो. अंगाखालचा आधार गेल्यासारखं वाटलं तर त्याला सुचणारं सर्वात सोपं कारण म्हणजे पडणं. म्हणून कुणी जिन्याची पायरी चुकतं, कुणी गच्चीवरून जातं, तुमचा पाय लहानपणी ओळखीच्या झालेल्या विहिरीवर सटकतो. चित्र ज्याच्या त्याच्या आठवणीतलं, पण धक्का सगळ्यांचा सारखा. हे स्वप्न इतक्या लोकांना पडण्याचं एक मोठं कारण मला तरी हेच दिसतं.

मेंदू अशी उलटी जुळवाजुळव करतो ही शंका जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे स्वप्नांचे अभ्यासक अल्फ्रेड मोरी यांनी आपलं एक स्वप्न नोंदवलं. त्यात राज्यक्रांतीचा काळ होता, खटला झाला, शिक्षा झाली, गिलोटिनचं पातं मानेवर आलं. जाग आली तेव्हा पलंगाची दांडी निसटून त्यांच्या मानेवर पडलेली होती. दांडी लागल्याच्या क्षणातच मेंदूने सगळी कथा रचली, असं त्यांनी मानलं. एवढं लांब स्वप्न क्षणात रचलं जाईल का, यावर पुढे बरीच शंका घेतली गेली. तुमची कथा मात्र दोन पायऱ्यांचीच आहे, तिला क्षण पुरतो.

म्हणजे काळजीचा संबंधच नाही का? आहे, पण सासूबाई म्हणतात तसा नाही. हप्त्यांची भीती विहिरीचं रूप घेऊन आली, असं मी म्हणणार नाही. काळजीने अंग जागं राहतं, थकव्याने ते झोपेत ओढलं जातं, आणि या ओढाताणीत हिसके वाढतात. तुमची रात्र पाहा. साडेनऊला घेतलेल्या चहातल्या कॅफिनपैकी जवळपास निम्मं पहाटे अडीचपर्यंत अंगात असू शकतं. साडेबारापर्यंत डोळ्यांपुढे आकडे असतात. जेमतेम साडेचार तासांची झोप रोज मिळते, म्हणजे झोपेचं कर्ज घराच्या कर्जापेक्षा जोरात वाढतंय. त्यात आता हिसका येईल म्हणून तुम्ही वाट बघत पडता. ती वाट बघणंच अंग ताठ ठेवतं आणि पुढच्या हिसक्याला जागा करून देतं.

तर आधी चहा. शेवटचा कप दुपारी चारच्या आत घ्या. रात्री कपात काही हवंच असेल तर दूध घ्या. हिशेब अकराला बंद करा, राहिलेल्या नोंदी कागदावर लिहा आणि तो कागद स्वयंपाकघरात ठेवून खोलीत जा. मार्च संपेपर्यंत डब्याची एक बाजू यजमानांनी उचलावी म्हणजे तुम्हाला साडेपाच-पावणेसहापर्यंत झोपता येईल. हे त्यांना मी सांगितलं म्हणून सांगा. हिसका बसलाच तर घड्याळ बघू नका. धडधड थोड्या वेळात आपोआप उतरते. दोन-तीन आठवड्यांत हिसके विरळ व्हायला हवेत. पूर्ण थांबतीलच असं नाही आणि थांबायची गरजही नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. पहाटेची स्वप्नं खरी होतात, असं त्याही मानत असतीलच. हे तर साडेबाराचं आहे, एवढं म्हणा. आणि स्वप्नात तळाला आपटलं की माणूस मरतं, असं कुणी सांगितलं असेल तर तेही सोडून द्या. स्वप्नात तळ गाठलेले कितीतरी लोक सकाळी उठून चहा पितात.

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही सांगते. झोप लागल्यानंतर पाय दर वीस-चाळीस सेकंदांनी ठराविक तालात झटकत असतील, गुदमरून किंवा धाप लागून जाग येत असेल, जीभ चावली जात असेल, किंवा सकाळी उठल्यावर हातांना झटके येऊन वस्तू निसटत असतील, तर तो हा प्रकार नव्हे आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं. नैराश्याची किंवा चिंतेची एखादी गोळी नुकतीच सुरू झाली असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांनी हिसके वाढतात. मनाने मात्र बंद करू नका. झोपेत तुम्हाला स्वतःला यातलं फारसं कळणार नाही, म्हणून यजमानांना एक-दोन रात्री लक्ष ठेवायला सांगा आणि तसं काही दिसलं तर मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. तपासताना डॉक्टरांना ते तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तुमची,
ताई