महाग आणि थोडं हळू मशीन मॅनेजरना मेलमधून कसं पटवायचं?

प्रश्न: वेर्ण्यात सर्व्हे ऑफिसात आहे, ड्रोनच्या फोटोंवरून खाणींच्या साठ्याचं आकारमान काढतो. वर्कस्टेशनची दोन कोटेशनं आहेत. असेंबल्ड १,८५,०००, ब्रँडेड २,६०,०००, दोन्ही अधिक जीएसटी. ८०० फोटोंचं काम जुन्या मशीनवर ९ तास, असेंबल्डवर ३ तास २० मिनिटं, ब्रँडेडवर ३ तास ४५ मिनिटं. १,५०० फोटोंच्या वर जुनं मशीन मेमरी भरून बंद पडतं, तेव्हा ते काम १२,००० ला बाहेर देतो, आठवड्याला साधारण एक. मला ब्रँडेड हवंय. मॅनेजरना मेल कसा लिहू?

उत्तर: ती २५ मिनिटं लपवू नका. मेल अकाउंट्सकडे जाईल, तिथून मालकांकडे, आणि कोणीतरी टेस्टचे आकडे मागेलच. तुम्हीच आधी लिहिलेत तर पुढच्या आकड्यांवरही विश्वास बसतो. फक्त त्याचा अर्थ सांगा: सकाळी लावलेलं काम दोन्ही मशीनवर जेवणाच्या सुमारास संपतं आणि दुपारी दुसरं लावता येतं. दिवसाला दोनच कामं होणार असतील तर २५ मिनिटांनी काही बिघडत नाही. दोन्ही टेस्टना तेच फोटो आणि तीच क्वालिटी सेटिंग होती ना, एवढं पाहून घ्या. सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये टप्प्याटप्प्याचा वेळ येतो, तो मेलला जोडा.

किमतीचा फरक जीएसटी वगळून दाखवा. कंपनीला इनपुट क्रेडिट मिळत असेल तर १८ टक्के हा खरा खर्च नव्हे. पण रोख किती जाणार तेही लिहा: २,१८,३०० आणि ३,०६,८००. खरा फरक ७५,०००, म्हणजे तीन वर्षांत वर्षाला २५,०००.

आता मुद्दा वॉरंटीचा. असेंबल्डच्या कोटेशनवर 'तीन वर्षं वॉरंटी' लिहिलेलं असेल, तर ती बहुधा प्रत्येक पार्टची वेगळी वॉरंटी. ग्राफिक्स कार्ड गेलं तर ते काढून डीलरकडे न्यायचं, तो पुढे कंपनीच्या सेंटरला पाठवणार. गोव्याबाहेर गेलं की दोन-तीन आठवडे धरून चाला. ब्रँडेडवर ऑनसाइट असेल तर इंजिनिअर तुमच्याकडे येतो. मात्र 'नेक्स्ट बिझनेस डे' हा त्याच्या येण्याचा शब्द आहे, मशीन सुरू होण्याचा नव्हे, आणि मोजणी फोनवर दोष ठरल्यावर सुरू होते. तुमच्या पिनकोडला ही सेवा आहे का आणि पार्ट कुठून येतो, हे डीलरकडून लेखी घ्या. तो कागद नसेल तर मेल पाठवूच नका, कारण ७५,००० त्याच्याच जिवावर मागताय.

मॅनेजर विचारतील, "जुनं मशीन आहेच ना?" बरोबर आहे, छोटी कामं त्यावर रात्रभर होतील. अडतात ती फक्त मोठी. तीन आठवड्यांत तीन कामं बाहेर, ३६,०००. म्हणजे फरक जवळपास भरून यायला तीन वर्षांत असे दोन बिघाड लागतात. हे असंच लिहा. एका बिघाडात पैसे वसूल, असं लिहिलंत तर हिशोब तिथेच मोडेल. उरलेलं वजन तारखेचं आहे: साठ्याचा अहवाल ठरल्या दिवशी द्यायचा असतो आणि बाहेरचा माणूस तुमची तारीख पाळेलच असं नाही.

मेल साधारण असा:

> विषय: वर्कस्टेशन खरेदी, ब्रँडेड पर्यायाला मंजुरी
>
> सर, नमस्कार.
>
> २,६०,००० (अधिक जीएसटी) चं ब्रँडेड वर्कस्टेशन घ्यावं अशी विनंती आहे. असेंबल्ड ७५,००० नी स्वस्त आहे आणि आमच्या ८०० फोटोंच्या कामात २५ मिनिटांनी जलदही. तरी दोन्हींवर दिवसाला दोन कामं होतात. आज ९ तासांत एक होतं.
>
> ब्रँडेडवर तीन वर्षं ऑनसाइट सेवा आहे, डीलरचं पत्र जोडलं आहे. असेंबल्डचा पार्ट बाहेर गेल्यास अंदाजे तीन आठवडे मोठी कामं बाहेर द्यावी लागतील, खर्च ३६,००० आणि अहवालाच्या तारखेची जोखीम. पैशांचा फरक जवळपास भरून यायला असे दोन बिघाड लागतील. माझी शिफारस मुख्यतः तारखेसाठी आहे.
>
> आपल्याला असेंबल्ड योग्य वाटल्यास सोबत एक सुटं ग्राफिक्स कार्ड मंजूर करावं.

शेवटची ओळ काढू नका. नकारच द्यायचा असेल तर त्यांना त्यातल्या त्यात बरा पर्याय हाताशी मिळतो. आणि यूपीएस वेगळ्या ओळीत मागा. पावसाळ्यात वीज खालीवर होते आणि त्याने जळालेला बोर्ड सहसा दोन्ही वॉरंटींत बसत नाही. कोटेशनची मुदत मेलमध्ये लिहा, नाहीतर मंजुरी येईपर्यंत भाव बदललेला असतो.