पैसे काढण्याआधी ‘टॅक्स’ मागणारी साइट

प्रश्न: दारव्हा तालुक्यातला शेतकरी आहे. टेलिग्रामवरच्या ओळखीतून कापसाचे तीन लाख एका क्रिप्टो साइटवर टाकले. आता खात्यात नऊ लाख दिसतात. काढायला गेलो तर आधी १,८०,००० टॅक्स भरा म्हणतात. साइटवर अमेरिकेचं लायसन आहे, ग्राहकांचा सगळा पैसा राखीव आहे असं लिहिलंय. महिना झाला. भरू का?

उत्तर: भाऊ, एक रुपयाही भरू नका. ही मागणीच सगळं सांगते. आपल्याकडे क्रिप्टो विकल्यावर एक टक्का टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो. नऊ लाखांवर नऊ हजार कापून ८,९१,००० तुम्हाला मिळायला हवेत आणि ते नऊ हजार तुमच्या पॅनवर जमा दिसायला हवेत. नफ्यावरचा तीस टक्के कर तुम्ही स्वतः सरकारकडे भरता. तो एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी, आधी मागून घेत नाही, आणि कुणा माणसाच्या नावावरच्या खात्यात तर मुळीच नाही. ते नऊ लाख म्हणजे पडद्यावरचा आकडा आहे.

अमेरिकेचं ‘लायसन’ बहुधा तिथल्या अर्थखात्याच्या फिनसेन या संस्थेकडची नोंदणी असावी. ती अर्ज भरून होते, कंपनी चांगली असल्याची ती हमी नाही. भारतात काम करणाऱ्या एक्स्चेंजला मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे आणि फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. पैसे टाकण्याआधी तेवढं तरी तपासायचं होतं. अर्थात ती नोंदणीही पैशाची हमी नव्हे. नोंदणी असलेल्या वझीरएक्सवर जुलै २०२४ मध्ये चोरी झाली आणि लोकांचे पैसे अडकलेच. ‘सगळा पैसा राखीव’ या वाक्यालाही एकट्याने अर्थ नसतो. ग्राहकांचं देणं किती, ते बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासलं का, हे त्यात नसतं. तक्रारी वाचताना ‘पैसे उशिरा आले’ आणि ‘काढण्याआधी आणखी पैसे मागितले’ यांत फरक करा. पहिली गैरसोय असू शकते, दुसरी फसवणूकच.

खरं नुकसान या महिन्याने केलं. असा पैसा काही तासांत खात्यांमागून खात्यांत फिरतो आणि गोठवायला उरत नाही. तरीही आजच १९३० ला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. प्रत्येक हप्त्याचा यूटीआर नंबर, तारीख, समोरचं खातं बँकेच्या स्टेटमेंटमधून काढा. टेलिग्रामचं बोलणं पुसू नका, ग्रुप सोडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. ‘ही आमची हद्द नाही’ असं ठाण्यात म्हणाले तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही नोंद घेणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार त्यांना भाग आहे.

एखाद्या खात्यात रक्कम गोठलीच, तर ती परत मिळवायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज लागेल. त्याला किती तारखा पडतील, किती हाती येईल, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर ‘पैसे काढून देतो, आधी फी भरा’ म्हणत कुणाचा फोन आला, तर तो नंबरही त्याच तक्रारीत टाका.