तो गप्प बसतो, कारण त्याला फिकीर नाही?

"मॅडम, माझा एक सहकारी दुसऱ्या देशात वाढलेला आहे. मीटिंगमध्ये मतभेद झाला की तो गप्प होतो. मी सरळ मुद्द्यावर बोलते, तर तो आणखी दूर जातो. त्याला कामाची फिकीर नाही, की तो मला टाळतोय?"

बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. माझ्याकडे आलेली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

ती जर्मनीत वाढलेली, एका यंत्राच्या प्रकल्पाची प्रमुख. तो जपानमध्ये वाढलेला, डिझाइन करणारा. सगळ्या टीमसमोर स्क्रीनवर त्याचा तक्ता दाखवत ती म्हणाली, "हा भाराचा आकडा चुकीचा आहे, का घेतला?" तो "पुन्हा बघतो" एवढंच म्हणाला. दोन आठवडे आकडा बदलला नाही, आणि मग त्याने तिच्या वरिष्ठांना एक लांब, अतिशय नम्र मेल पाठवला. माझ्या पाठीमागे तक्रार केली, असं तिला वाटलं. ती दुखावली होती आणि तिचा राग मला पटत होता. तिने आकड्यावर बोट ठेवलं होतं, माणसावर नाही.

इथे संवादशास्त्राच्या अभ्यासक स्टेला टिंग-टूमी यांची 1985 पासून विकसित होत गेलेली 'फेस निगोशिएशन थिअरी' कामी येते. वादात प्रत्येकाला चारचौघांतला आपला मान सांभाळायचा असतो. पण कुणाला स्वतःच्या मानाची काळजी जास्त असते, कुणाला समोरच्याच्या, तर कुणाला दोघांच्याही. वाद हाताळण्याच्या पद्धतींचा जो तक्ता व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवतात, त्यात 'टाळणे' ही पद्धत अशा कोपऱ्यात बसवलेली असते जिथे स्वतःचीही पर्वा नाही आणि दुसऱ्याचीही नाही. टिंग-टूमींनी नेमकं हेच खोडून काढलं: अनेक समाजांत टाळणं हा समोरच्याचा मान राखण्याचाच मार्ग असतो. पुढे त्यांनी वादाच्या पद्धतींमध्ये तिसऱ्याची मदत घेणं हीही एक पद्धत धरली. त्या नम्र मेलकडे आता वेगळ्या नजरेने बघता येत होतं.

पण "तो जपानी आहे ना, म्हणून" असं म्हणून थांबणं मला मान्य नाही. टिंग-टूमी आणि जॉन ओएट्झेल यांचा 2003 मधला अभ्यास चीन, जर्मनी, जपान आणि अमेरिका या चार देशांतला होता. त्यात देशापेक्षा माणूस स्वतःकडे कसं पाहतो, स्वतंत्र म्हणून की नात्यांत गुंफलेला म्हणून, हे जास्त बोलकं ठरलं. म्हणून मी तिला देश बाजूला ठेवायला सांगितलं आणि त्याच्याशी झालेली सगळी देवाणघेवाण तारीखवार मांडायला लावली. तो कुठे बोलला, कुठे गप्प राहिला, तेव्हा कोण कोण हजर होतं?

चॅटमध्ये, दोघंच असताना, त्याने त्या मीटिंगच्या आधी दोनदा विचारलं होतं, "गरजपत्रकातला भार एकदा तपासून घ्यायचा का?" गरजपत्रक, म्हणजे यंत्राकडून काय काय अपेक्षित आहे हे सांगणारा कागद, तिने तयार केलं होतं. जुना आकडा त्यातच होता, त्याने तो तसाच उचलला होता. मीटिंगमध्ये "का घेतला?" याचं खरं उत्तर "तुम्हीच दिलात" असं होतं, आणि ते सगळ्यांसमोर द्यायचं नाही म्हणून तो गप्प राहिला होता.

त्यानंतर तिने पद्धत बदलली. वादाचा मुद्दा मीटिंगच्या आदल्या दिवशी दोघांतच काढायचा. "चूक का झाली" ऐवजी "हा आकडा कोणत्या कागदावरून घेतला" असं विचारायचं. दुरुस्ती मीटिंगमध्ये त्यानेच मांडायची. मात्र तिलाही स्पष्ट उत्तर हवं होतं आणि ते मागणं रास्तच होतं. म्हणून तिने त्याला सांगितलं, "लेखी चालेल, पण गुरुवारपर्यंत उत्तर लागेल." सगळं जुळवून फक्त तिनेच घेतलं असतं, तर काही महिन्यांत ती पुन्हा कडवट झाली असती. गरजपत्रकातली चूक तिने मीटिंगमध्ये स्वतः सांगितली. पुढच्या वेळी त्याने एक आक्षेप थेट तिला कळवला, मीटिंगमध्ये नाही, फोनवर.

तुम्हीही आधी अशी तारीखवार यादी करा. एकांतात, लेखी किंवा तिसऱ्याकरवी त्याने काही सुचवलेलं सापडलं, तर तो टाळत नाहीये, वेगळ्या वाटेने बोलतोय. कोणत्याच वाटेने काही आलं नसेल, आणि दोघांतच शांतपणे विचारूनही मुदती चुकत असतील, तर तो कामातल्या हलगर्जीपणाचा प्रश्न आहे. तो वरिष्ठांकडे न्या, त्याला संस्कृतीचं पांघरूण घालू नका. आणि चुकीमुळे कुणाला इजा होण्याचा धोका असेल, तर मान राखत थांबू नका, त्याच क्षणी सगळ्यांसमोर काम थांबवा. त्याच्याशी एकट्याने बोलणं नंतरही करता येईल.