पातळ प्लेटची घनता सगळीकडे सारखी नसेल तर सेंटर ऑफ मास कसं काढायचं?

प्रश्न: त्रिकोणी प्लेट आहे, कोपरे (0,0), (2,0), (2,2), घनता ρ = x. मी मोमेंटला एरियाने भागलं तर (2,1) आलं, चुकलं कुठे?

उत्तर: भागायचं मासने, एरियाने नाही, बरोबर उत्तर (3/2, 3/4) आहे. घनता बदलती असली की एरिया आणि मास हे दोन वेगळे आकडे होतात, म्हणून आधी मास काढा: y ची लिमिट 0 ते x, x ची 0 ते 2, आतलं इंटिग्रल x² येतं आणि मास 8/3. मग ρ ला x ने गुणून परत तेच इंटिग्रल केलं की 4, y ने गुणून केलं की 2, आणि दोन्हीला 8/3 ने भागा.

तुमचा (2,1) तर थेट प्लेटच्या कडेवर पडतोय, तिथेच शंका यायला हवी होती, कारण बाकी सगळं वजन डावीकडे असताना तोल कडेवर कसा राहील! घनता सारखी असती तर (4/3, 2/3) आलं असतं, इथे उजवी बाजू जड म्हणून बिंदू थोडा उजवीकडे सरकलाय, हे पटतं. फक्त कडेवरून चूक ओळखायची ही युक्ती बाहेरून फुगीर आकारालाच चालते, एल आकाराच्या प्लेटचं सेंटर ऑफ मास प्लेटच्या बाहेरही जाऊ शकतं.