ग्रुप फोटोत आजीचे डोळे मिटलेत: फेस स्वॅप अ‍ॅप की हाताने एडिटिंग?

प्रश्न: लग्नातल्या ग्रुप फोटोत आजीचे डोळे मिटलेत, बाकी सगळे छान आलेत. फेस स्वॅप अ‍ॅपवर चेहरा बदलू की हाताने एडिट करू? अ‍ॅपवर फोटो टाकणं सुरक्षित आहे का?

उत्तर: हाताने करा. मी लग्नाचे अल्बम करतो आणि असं काम दर सीझनला येतं.

आधी फोटोग्राफरकडून त्याच पोझचे आगेमागे काढलेले सगळे फोटो मागून घ्या. ग्रुप फोटो कुणी एकदाच क्लिक करत नाही. आजीचे डोळे उघडे असलेला एखादा फोटो बहुधा निघतोच. तो मिळाला की आजीचा खरा चेहरा, त्याच उजेडातला, तुमच्या हाती आला.

अ‍ॅप तो चेहरा उचलून चिकटवत नाही, नव्याने तयार करतं. अशा बऱ्याच टूल्समागचं एक लोकप्रिय मॉडेल चेहरा फक्त १२८ बाय १२८ पिक्सेलचा बनवतं आणि मग तो मोठा केला जातो. मोबाइलवर चांगला दिसतो. पण मूळ फोटोत आजीचा चेहरा ४०० पिक्सेल रुंद असेल, तर १२ बाय १८ च्या प्रिंटवर सुरकुत्या पुसलेल्या दिसतात, चष्म्याची काडी मध्येच तुटते, नथीचे मोती एकमेकांत मिसळतात. एका गिऱ्हाइकाने असाच फोटो आणला होता. त्यात आजींच्या कपाळावरचं गोंदण गायब होतं, आणि घरच्यांना नेमकं तेच खटकलं.

हाताने करायला Photopea हे फोटो एडिटिंगचं टूल पुरेसं आहे. ते ब्राउझरमध्ये चालतं, पण फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो. आजीचे डोळे उघडे असलेला फोटो वरच्या लेयरवर ठेवा, खालचा फोटो आरपार दिसावा म्हणून त्याची ओपॅसिटी ५० टक्के करा आणि दोन्ही फोटोंतले कान व खांदे एकमेकांवर बसेपर्यंत सरकवा. डोळ्यांवरून जुळवू नका, एका फोटोत ते मिटलेले आहेत. मग ओपॅसिटी पूर्ववत करून वरच्या लेयरला काळा मास्क लावा, म्हणजे तो फोटो पूर्ण झाकला जाईल, आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने आजीचं अख्खं डोकं उघडं करा. नुसते डोळे बदलले तर नजर विचित्र दिसते. जोड केसांच्या कडेने आणि पदराच्या काठावर न्या, गालावर कधीच नको. मान वळलेली असेल किंवा मध्येच फ्लॅश पडला असेल तर जुळणार नाही. दुसरा फोटो शोधा.

सुरक्षिततेचं म्हणाल तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून अ‍ॅप चालवून बघा. स्वॅप झालाच नाही, तर फोटो बहुधा त्यांच्या सर्व्हरवर जातो. २०१९ मध्ये झाओ या चिनी अ‍ॅपच्या अटींत लोकांच्या फोटोंवर कंपनीचा कायमचा हक्क लिहिलेला निघाला, आणि ओरड झाल्यावर अटी बदलाव्या लागल्या. गॅलरीतल्या एकाच फोटोची परवानगी दिलीत तर बाकीची गॅलरी वाचते, पण तो एक फोटो जातोच. तुमच्या फोटोत आजीच्या शेजारी बाकीचे पाहुणे आणि त्यांची लहान मुलंही आहेत, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. अ‍ॅपच वापरायचं ठरलं, तर निदान आजीपुरता फोटो कापून तेवढाच टाका.