७५ टक्के हजेरी बसतेय का, आधी दिवस मोज

भाऊ, आजची टक्केवारी पाहून घाबरू नको, कॅलेंडर घे. समज आतापर्यंत ५२ दिवस कॉलेज भरलं, तू ३४ हजर. टर्मचे ३८ दिवस उरलेत, त्यातून ५ रविवार आणि पाडवा, रामनवमी, आंबेडकर जयंती धरून ५ सुट्ट्या काढ, राहिले २८. एकूण ८०, त्याचे ७५ टक्के म्हणजे ६०, म्हणजे अजून २६ दिवस बसायचंच, फक्त २ दांड्या.

पण गॅदरिंग नाहीतर प्रिपरेशन लीव्हमध्ये ८ दिवस गेले तर एकूण ७२, लागतात ५४, उरलेले २० च्या २० भरावे लागतात! सुट्टी वाढली की सूट संपते. आणि आखाजीला कॉलेज चालू असताना गावी गेलास तर ती दांडीच.