फर्नेस तापल्यावरच रीडिंग का उड्या मारतं

प्रश्न: "आमच्या हीट ट्रीटमेंट फर्नेसला के टाइप थर्मोकपल आहे. ६०० पर्यंत रीडिंग एकदम शांत, पण ८७० च्या आसपास गेलं की ८६० ते ८८५ असं नाचतं. थर्मोकपल बदलला, तरी तेच. आता केबल बदलू की कंट्रोलर? शेजारच्या क्वेंच ऑइल टँकचा पीटी-१०० पण ४ डिग्री जास्त दाखवतो, त्याचा काही संबंध आहे का?"

उत्तर:

दादा, आत्ता लगेच केबल नका बदलू आणि कंट्रोलर तर अजिबात नको. तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिलीत, की ६०० ला शांत असतं आणि ८७० ला नाचतं. नुसता वायरिंगचा नॉइज असता तर फर्नेस गार असताना, उलट तेव्हा हीटर फुल चालू असतात म्हणून जास्तच, रीडिंग हललं असतं. तापमान वाढल्यावरच त्रास सुरू होतो म्हणजे तापल्यावर कुठेतरी नवीन रस्ता उघडतोय, तो बहुतेक विटांमधून आहे. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नका, अर्ध्या तासात स्वतः बघता येतं.

आधी एक धोक्याची गोष्ट. पुढे मी थर्मोकपल काढून शॉर्ट मारायला सांगणार आहे, तसं केलं की कंट्रोलरला वाटतं फर्नेस ३५ डिग्रीवर आहे आणि ऑटोमध्ये असेल तर तो हीटर १०० टक्के चालू करतो, आत जॉब असेल तर तो गेलाच समजा. म्हणून कंट्रोलर मॅन्युअलवर घ्या, आउटपुट आत्ता जितके टक्के चालू आहे तितकंच ठेवा, आणि ओव्हर टेंपरेचरचा वेगळा कंट्रोलर आणि त्याचा वेगळा सेन्सर चालू आहे ना ते बघून घ्या.

आता फर्नेस ८७० ला, हीटर चालू, रीडिंग नाचतंय अशा अवस्थेतच टेस्ट करायची, फर्नेस बंद करून केली तर काहीच सापडणार नाही. कंट्रोलरच्या मागच्या टर्मिनलवरून थर्मोकपलच्या दोन्ही तारा काढा आणि तिथेच तांब्याच्या वायरचा छोटा तुकडा लावून प्लस मायनस शॉर्ट करा. कंट्रोलरने पॅनलच्या आतलं तापमान दाखवायला पाहिजे, ३५-४० काय असेल ते, आणि आकडा स्थिर पाहिजे. इथेच नाचला तर कंट्रोलर किंवा त्याचा सप्लाय बघायचा. स्थिर राहिला तर कंट्रोलर सुटला. मग तारा परत जोडा आणि तोच तुकडा घेऊन फर्नेसवर चढा, थर्मोकपलच्या हेडमध्ये सेन्सर सोडवून केबलच्या टोकाला शॉर्ट मारा. पण हेडमध्ये हात घालायच्या आधी मल्टीमीटरने टर्मिनल ते अर्थ एसी व्होल्ट नक्की मोजा, हे का ते खालच्या केसवरून कळेलच. आता पूर्ण केबल सर्किटमध्ये आहे पण सेन्सर नाही. इथे रीडिंग नाचलं तर केबल पॉवर वायरच्या ट्रेमधून जाते का, शील्ड तुटलंय का ते शोधायचं. इथेही शांत राहिलं आणि सेन्सर जोडल्यावरच नाचलं, तर त्रास सेन्सरच्या बाजूने अर्थमधून येतोय, यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

माझ्याकडे अगदी असाच प्रकार आला होता, भोसरीतल्या एका शॉपमध्ये, बॉक्स फर्नेस, हीटर थायरिस्टरवर. त्यांनीही दोन थर्मोकपल बदलून झाले होते. कंट्रोलरपाशी शॉर्ट मारला तर ३८, एकदम स्थिर. हेडपाशी केबलला शॉर्ट मारला तर फार तर एक डिग्री इकडे तिकडे. सेन्सर जोडला की बारा-बारा डिग्रीच्या उड्या. मग मी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून सेन्सरच्या मायनस टर्मिनलपासून अर्थपर्यंत मोजलं, तारा सोडवलेल्याच होत्या, तर ४० व्होल्ट. हीटरचा ब्रेकर पाडला की शून्य. फर्नेस गार असताना सकाळी हीच रीडिंग २ व्होल्टच्या आत होती.

इथे फसायला होतं, कारण डिजिटल मल्टीमीटरचा इम्पिडन्स इतका जास्त असतो की नुसत्या शेजारच्या वायरचा भास सुद्धा तो ३०-४० व्होल्ट दाखवतो. म्हणून मी त्या दोन टोकांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावून परत मोजलं. भास असता तर व्होल्टेज पार बसलं असतं, इथे २२ वर थांबलं, म्हणजे १० किलोओहममधून २.२ मिलिअँपिअर खरंच वाहत होते. विटा आणि सिरॅमिक गार असताना उत्तम इन्सुलेटर असतात पण तापमान चढतं तसा त्यांचा इन्सुलेशन रेझिस्टन्स झपाट्याने पडतो, थर्मोकपलच्या शीथमधल्या मॅग्नेशियम ऑक्साइडचंही तेच. हीटरचा करंट तापलेल्या विटेतून शीथवर येत होता, आणि सेन्सर ग्राउंडेड जंक्शनचा होता, म्हणजे टोकाला जंक्शन शीथलाच वेल्ड केलेलं, त्यामुळे शीथवर आलेलं सगळं थेट तारेवर. शीथ फर्नेसच्या बॉडीला लागलेलीही नव्हती, भोवती फायबर दाबून बसवलेली, मग करंट जाणार कुठे, तो तारेतूनच जाणार.

आणि तारेतून तो अर्थला कुठे मिळत होता? महिनाभर आधी त्यांनी ऑडिटसाठी एक रेकॉर्डर बसवला होता, त्याच थर्मोकपलच्या तारा कंट्रोलरवरून पुढे उचलून. त्या रेकॉर्डरचा इनपुट मायनस आतून त्याच्या बॉडीला जोडलेला होता, म्हणजे अर्थला. सर्किट पूर्ण झालं: हीटर, वीट, शीथ, जंक्शन, मायनसची तार, रेकॉर्डर, अर्थ. वरच्या ४० आणि २२ व्होल्टवरून हिशोब केला तर विटेचा रेझिस्टन्स ८ किलोओहमच्या आसपास येतो, म्हणजे सरळ अर्थ मिळाल्यावर साधारण ५ मिलिअँपिअर. बारा मीटर केबल, मायनस तारेचा रेझिस्टन्स सहा-सात ओहम, म्हणजे तारेवर तीसेक मिलिव्होल्ट एसी. आता के टाइपचा ८७० ला खरा सिग्नलच ३६ मिलिव्होल्ट आहे! कंट्रोलर ५० हर्ट्झचं बहुतेक सगळं गाळून टाकतो, पण थायरिस्टर बर्स्ट फायरिंगवर असेल तर ती साइन वेव्ह सलग नसते, काही सायकल चालू काही बंद, मग गाळून थोडं उरतंच, आणि के टाइपला एका डिग्रीला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट, अर्धा मिलिव्होल्ट उरला की बारा डिग्री झाले. तुमच्याकडे खात्री करायची असेल तर मल्टीमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून कंट्रोलरच्या प्लस मायनसवर लावा, आणि थायरिस्टरचा दिवा जसा लुकलुकतो तसंच रीडिंग हलतंय का तेही बघा. तसंही एवढा भट्टीचा लोखंड-विटांचा गोळा अर्ध्या सेकंदात १५ डिग्री वर-खाली होऊ शकत नाही, त्यामुळे इतकी झटपट उडी ही तापमानाची नाहीच.

तिथे रेकॉर्डरच्या दोन तारा काढल्या आणि रीडिंग लगेच एक डिग्रीत आलं. पण तेवढ्यावर सोडलं नाही, कारण उद्या कोणीतरी परत काहीतरी जोडणार. ड्युप्लेक्स थर्मोकपल टाकला, अनग्राउंडेड, एका शीथमध्ये दोन वेगळी जंक्शन, एक कंट्रोलरला एक रेकॉर्डरला. शीथ आणि हेड हे फर्नेसच्या बॉडीला जाड वायरने अर्थ केलं, म्हणजे विटेतून येणारा करंट तिथूनच खाली जाईल, शिवाय हेडला हात लावणाऱ्याला झटका बसणार नाही. केबलचं शील्ड फक्त पॅनलच्या टोकाला अर्थ, हेडकडे कापून टेप. रेकॉर्डरच्या इनपुटला सिग्नल आयसोलेटर. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं, लोकांना वाटतं जास्त चांगलं, पण फर्नेसचा अर्थ आणि पॅनलचा अर्थ यांच्यात फरक असला की शील्डमधूनच करंट फिरायला लागतो.

तुमचा थर्मोकपल ग्राउंडेड आहे की नाही ते तारा सोडवून ओहमवर बघा, तार ते शीथ एक-दोन ओहम आले तर ग्राउंडेड. मेगर लावणार असाल तर कंट्रोलरच्या तारा दोन्ही काढूनच लावा, ५०० व्होल्ट इनपुटला गेले तर कंट्रोलर खलास. आणि गार असताना मेगर चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका, ८७० ला काय होतं ते तो सांगत नाही.

केबलचा रेझिस्टन्स वाढला म्हणून थर्मोकपल नाचतो का, असं बरेच जण विचारतात. नाही. इनपुट मेगाओहममध्ये असतो, तारेचे वीस-तीस ओहम त्याला कळतही नाहीत. एकच अपवाद, स्क्रू सैल असेल तर क्षणभर सर्किट ओपन होतं आणि बर्नआउटमुळे रीडिंग एकदम वर फेकलं जातं, बहुतेक कंट्रोलर वर पाठवायलाच सेट असतात. ती उडी एकाच दिशेची आणि मोठी असते, हेडवर टिचकी मारली की येते, हीटर बंद असले तरी येते. तुमची दोन्ही बाजूंना आहे, त्यामुळे हे नसावं.

पीटी-१०० ची गोष्ट मात्र पूर्ण उलटी आहे, तिथे तारेचा रेझिस्टन्स हाच मुख्य चोर. पीटी-१०० एका डिग्रीला ०.३८५ ओहमने बदलतो, म्हणजे वायरिंगमध्ये १ ओहम जास्त आला की अडीच डिग्रीच्या वर रीडिंग जास्त. ०.५ स्क्वेअरची तांब्याची वायर वीस मीटर, जाऊन येऊन चाळीस, साधारण १.४ ओहम होतात, भागिले ०.३८५, साडेतीन डिग्री झाले. तुमचे ४ जवळपास तिथेच आहेत. मला दाट शंका आहे की कोणीतरी दोनच तारा ओढून कंट्रोलरच्या टर्मिनलवर जंपर मारून थ्री वायर "बनवलंय". जंपर कंट्रोलरपाशी असेल तर त्याचा उपयोग शून्य, तिसरी तार सेन्सरच्या हेडपासूनच यायला पाहिजे, तीनही तारा एकाच केबलच्या आणि एकाच जाडीच्या. हेडमध्ये सेन्सर काढून १०० ओहमचा प्रिसिजन रेझिस्टर तीन तारांवर लावा, कंट्रोलरने ० दाखवायला पाहिजे, ४ दाखवले तर चूक वायरिंगची, सेन्सर निर्दोष. तीन तारा खरंच असूनही रीडिंग हळूहळू सरकत असेल तर एखादा जॉइंट तेलकट किंवा गंजलेला असतो, अर्धा ओहम तिथे बसला की सव्वा डिग्री, आणि कुठल्या तारेत आहे त्यावर रीडिंग वर जातं की खाली ते ठरतं. क्वेंच टँकवर तेलाची वाफ असतेच, ग्लँड आणि हेडचं झाकण उघडून बघा. त्याचा फर्नेसच्या उड्यांशी काही संबंध नाही, फक्त दोन्ही केबल हीटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकल्या असतील तर त्या वेगळ्या करा.

हेडपाशी शॉर्ट मारून काय दिसलं आणि मायनस ते अर्थ एसी किती आले, हीटर चालू आणि बंद दोन्ही वेळचे, ते इथे लिहा. कंट्रोलरच्या जोडीला स्कॅनर, रेकॉर्डर किंवा पीसीला जाणारी आरएस-४८५ आहे का तेही सांगा.